फ्रंट पॅनेलच्या तारा जोडताना या चुका टाळा: मॅन्युअल नसेल तर रिकामी पिन वाचा

भाच्याने जुन्या बाजारातून एच६१ चिपसेटचा एक मदरबोर्ड उचलून आणला. इंटेलने हा चिपसेट २०११ मध्ये काढला, पण आपल्याकडे त्याचे बोर्ड अजूनही हातोहात फिरतात. खोका नाही, मॅन्युअल नाही, आणि बोर्डावर छापलेली अक्षरं कुणीतरी थिनरने पुसताना अर्धी उडवलेली. कॅबिनेट मात्र कोरं होतं. प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस सगळं पोराने नीट बसवलं आणि शेवटी हातात उरला तो कॅबिनेटच्या पुढून येणारा बारीक तारांचा झुपका. रात्री दहाला फोन आला, "मामा, सगळं लावलंय, पण बटण दाबलं की काहीच होत नाही."

मी विचारलं, "तारा कुठे लावल्यास?"

"नऊ पिनांचं होतं ना, कोपऱ्यातली एक पिन नसलेलं, त्याच्यावर."

बोर्डाच्या खालच्या कडेला कोपऱ्यातली एक पिन नसलेली, नऊ पिनांची हेडरं चार तरी दिसत होती. फ्रंट पॅनेलच्या बहुतेक चुका इथेच जन्माला येतात. माणूस तारांकडे बघत बसतो, तारांचे रंग लावतो, कुठल्यातरी फोटोशी ताडून बघतो, पण आपण बसवतोय ते हेडर नक्की कोणतं हे ठरवत नाही. खरं तर मॅन्युअल नसलं तरी हेडर स्वतःची ओळख स्वतःच सांगतं, आणि ती त्याच्या गायब पिनेत असते.

पहिली चूक: एक पिन कमी दिसली की तेच फ्रंट पॅनेल समजणं

बोर्डावर दोन ओळींची, प्रत्येक ओळीत पाच जागा असलेली हेडरं बरीच असतात. पिनांमधलं अंतर सगळ्यांत सारखंच, २.५४ मिलिमीटर. म्हणून एकाचं प्लग दुसऱ्यावर सहज जातं. फरक एवढाच की दहा जागांपैकी एक जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते, आणि कोणती ते हेडरच्या कामावर ठरतं. फ्रंट पॅनेलला दहावी पिन नसते, यूएसबी २.० ला नववी नसते, ऑडिओला आठवी नसते.

आता अडचण अशी की छपाई उडाली असेल तर पहिली पिन कोणती तेच कळत नाही, मग नववी-दहावी कशी मोजायची? मोजायची गरज नाही. हेडर आपल्यासमोर आडवं येईल असं बघा, आणि रिकामी जागा उजव्या बाजूला येईल असा बोर्ड फिरवा. कॅबिनेटमध्ये बसवलेला असेल तर मान फिरवा. आता पिनांचे आकडे असे पडतात:

```
वरची ओळ  :  २   ४   ६   ८   १०
खालची ओळ :  १   ३   ५   ७   ९
```

रिकामी जागा उजव्या टोकाला वरच्या ओळीत असेल तर ती दहावी, म्हणजे फ्रंट पॅनेल. उजव्या टोकाला खालच्या ओळीत असेल तर ती नववी, म्हणजे यूएसबी. टोकाला नसून टोकापासून एक पिन आत असेल तर ऑडिओ. फ्रंट पॅनेल आणि यूएसबी ही एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं आहेत. बोर्ड कसाही फिरवा, एकाचं दुसरं होत नाही, म्हणूनच ही खूण फसवत नाही.

फसवतं ते एकच, आणि भाचा नेमका तिथेच पडला होता. ऑफिससाठी बनवलेल्या बऱ्याच बोर्डांवर जुन्या सिरियल पोर्टचं, म्हणजे कॉम पोर्टचं हेडर असतं. त्याचीही दहावी पिनच गायब असते! बघायला फ्रंट पॅनेलचं सख्खं जुळं भावंड. तिथे पॉवर बटणाची तार लावली तर बटण दाबून बोट दुखेल, पण मशीन सुरू होणार नाही. मशीन चालू असताना या हेडरवर सिरियल पोर्टची उणे आणि अधिक अशी दोन्ही बाजूंची व्होल्टेज असतात, त्यामुळे तिथे एलईडी किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून प्रयोग करायचे नाहीत.

ही जुळी वेगळी ओळखायला जागा बघायची. फ्रंट पॅनेलचं हेडर बहुधा बोर्डाच्या खालच्या कडेला, साटाच्या सॉकेटांच्या बाजूच्या कोपऱ्यात असतं, म्हणजे कॅबिनेटच्या पुढच्या भागाला सर्वांत जवळ. ऑडिओचं अगदी उलट्या कोपऱ्यात, मागच्या ऑडिओ जॅकांखाली. कॉमचं हेडर बहुतेक वेळा या दोघांच्या मधे कुठेतरी, विस्ताराच्या स्लॉटांच्या खाली सापडतं. भाच्याच्या बोर्डावर ते ऑडिओच्या शेजारी होतं. मी व्हिडिओ कॉलवर बोर्ड फिरवून घेतला आणि पोराला साटाच्या कोपऱ्यात बघायला लावलं. तिथे धुळीच्या थराखाली पाचवं हेडर निघालं. त्यावर `F_PANEL` मधलं `F_P` एवढंच शिल्लक होतं. काही बोर्डांवर हेच `JFP1` किंवा `PANEL1` असं छापलेलं असतं. यातलं काहीही दिसलं तर तपासायचं काम अर्धं उरकलं.

जागेवरूनही खात्री पटत नसेल तर मल्टिमीटर काढा. एसएमपीएसची वायर लावून मागचं बटण चालू ठेवा, मशीन बंदच असू दे. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळा प्रोब बोर्डाच्या स्क्रूच्या भोकाभोवतीच्या धातूवर टेकवा आणि लाल प्रोब एकेका पिनेवर, शेजारच्या पिनेला न लागेल असा सावकाश. खऱ्या फ्रंट पॅनेलवर सहाव्या पिनेला ३.३ ते ५ व्होल्टच्या दरम्यान काहीतरी दिसतं, तिच्या शेजारच्या आठवीला शून्य. हेच ते पॉवर बटण. कॉमच्या हेडरवर मशीन बंद असताना असं काही दिसत नाही.

दुसरी चूक: आतली मांडणी अंदाजाने भरणं

हेडर सापडलं की मांडणी पाठ करायला फार नाही. रिकामी जागा उजवीकडे वर ठेवून बघितलं की डावीकडे दोन्ही ओळींत दिवे आणि उजवीकडे दोन्ही ओळींत बटणं येतात. वरच्या ओळीत पॉवरची मंडळी: डावीकडून पहिल्या दोन पिना पॉवर एलईडीच्या, पुढच्या दोन पॉवर बटणाच्या, मग रिकामी जागा. खालच्या ओळीत पहिल्या दोन हार्ड डिस्क एलईडीच्या, पुढच्या दोन रिसेटच्या, आणि शेवटी एकटी उरलेली नववी पिन. दोन्ही दिव्यांची अधिक पिन सर्वांत डावीकडची, म्हणजे रिकाम्या जागेपासून सर्वांत लांबची. इंटेलची ही मांडणी आता सुट्या विकल्या जाणाऱ्या बोर्डांच्या जवळजवळ सगळ्या कंपन्या पाळतात.

ती एकटी नववी पिन लक्षात ठेवा. काही बोर्डांवर ती नुसतीच असते, काहींवर मात्र तिथे थेट ५ व्होल्ट येतात. तिच्यावर काहीही लावायचं नाही. प्लग एक घर उजवीकडे सरकलं की रिसेटची एक तार नेमकी हिच्यावर जाते. म्हणून रिसेट लावताना त्याच्या उजवीकडे एक मोकळी पिन राहिली पाहिजे, हे डोळ्यांनी बघून घ्या.

मांडणी जुळत नसेल तर दोन शक्यता असतात. एकतर जुन्या बोर्डाचं हेडर लांब, वीस जागांपर्यंतचं असतं, त्यात स्पीकरच्या चार पिनाही ओवलेल्या असतात. किंवा बोर्ड एखाद्या मोठ्या कंपनीच्या तयार ऑफिस डेस्कटॉपमधून काढलेला असतो. या कंपन्या स्वतःचीच मांडणी वापरतात, तिथे वरचं काहीही लागू नाही. अशा वेळी वीजपुरवठा पूर्ण काढून, मीटर बीपवर ठेवून आधी कोणत्या पिना जमिनीशी, म्हणजे स्क्रूच्या भोकाशी वाजतात ते शोधायचं. मग वीज देऊन कोणत्या पिनेला बंद मशीनमध्येही व्होल्टेज आहे ते बघायचं. अशा पिनेला शेजारची जमीन मिळाली तर ती पॉवर बटणाची जोडी असण्याची शक्यता मोठी. ही जोडी सरळ चिमटा लावून नाही, तर मधे एक किलोओहमचा रेझिस्टर धरून तपासावी. अंदाज चुकला आणि ती थेट ५ व्होल्टची पिन निघाली, तरी रेझिस्टरमुळे करंट अगदी किरकोळ वाहतो. मला ही पद्धत खटाटोपाची वाटते, पण दुसरा सुरक्षित मार्ग नाही.

तिसरी चूक: तारा लावून मग तपासणं

बहुतेक जण आठही तारा अडकवतात आणि मग बटण दाबून बघतात. चाललं नाही तर चूक हेडरची, तारेची, बटणाची की एसएमपीएसची, हे कळायला मार्गच उरत नाही. उलट करा. एकही तार न लावता, फक्त सहावी आणि आठवी पिन बारीक चपट्या स्क्रू ड्रायव्हरने अर्धा सेकंद जोडा. बटण दुसरं काही करतच नाही. पंखा फिरला की हेडर बरोबर, बोर्ड जिवंत, एसएमपीएस ठीक.

इथे हात कसा धरायचा ते नीट सांगतो, कारण हीच ती जागा जिथे घाईत बोर्डाला इजा होते. सहावी आणि आठवी दोन्ही वरच्या ओळीत आहेत, आणि आठवीच्या तिरकस खाली ती ५ व्होल्टची नववी आहे. आठवी म्हणजे जमीन. स्क्रू ड्रायव्हर घसरून या दोघींना एकदम लागला तर ५ व्होल्ट सरळ जमिनीला भिडतात. म्हणून पातं वरच्या ओळीच्या बाहेरच्या बाजूने, पिनांना आडवं आणायचं आणि खालच्या ओळीकडे अजिबात जाऊ द्यायचं नाही. पातं रुंद असेल तर टोकदार चिमटा घ्या. मी जुन्या जोड-प्लगमधली दोन भोकांची एक टोपी वायरच्या तुकड्याने जोडून ठेवली आहे. ती सहा-आठवर बसवून लगेच काढतो, घसरण्याचा प्रश्नच येत नाही.

स्क्रू ड्रायव्हरने मशीन सुरू होतं आणि बटणाने होत नाही, तर दोष कॅबिनेटच्या बटणात किंवा तारेत. मीटर बीपवर ठेवून प्लगच्या दोन भोकांत प्रोब घाला. बटण दाबल्यावर वाजलं आणि सोडल्यावर थांबलं पाहिजे. बटण मेलेलं असेल तर रिसेटचं प्लग काढून सहा-आठवर लावा. दोन्ही बटणं आतून सारखीच असतात, आणि नवं कॅबिनेट घेण्यापेक्षा रिसेटने मशीन सुरू करणं परवडतं.

बटण सतत वाजत असेल, न दाबताच, तर ते आत अडकलेलं आहे, आणि त्याची लक्षणं बघणाऱ्याला हमखास भलतीकडे नेतात. एका शेजाऱ्याचं मशीन लाइट आल्या आल्या आपोआप सुरू व्हायचं आणि चार-पाच सेकंदांत बंद पडायचं. त्यांनी एसएमपीएस बदलून घेतला होता, रॅमही. झालं होतं एवढंच, की कॅबिनेटच्या पुढच्या पट्टीचं प्लास्टिक उन्हाने वाकून बटण अर्धं दाबलेलं राहत होतं. पॉवर बटण चार सेकंद दाबून ठेवलं की मशीन जबरदस्तीने बंद होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बटण कुणी माणूस दाबून ठेवत नाही तेव्हा ते सुचत नाही. अशी शंका आली की पॉवर बटणाचं प्लग उपटा आणि स्क्रू ड्रायव्हरने सुरू करा. चाललं तर गुन्हेगार सापडला. रिसेट अडकला तर लक्षण वेगळं: पंखे फिरत राहतात, स्क्रीन मात्र काळीच. तेव्हा रिसेटचं प्लग उपटून बघा.

चौथी चूक: बटणाला अधिक-उणे शोधणं आणि दिव्याला न शोधणं

बटणाला दिशा नसते. प्लग कसंही लावा. बटण दोन तारा जोडतं, बस. तरी लोक पॉवर बटणाची पांढरी आणि रंगीत तार कुठे जाणार यावर अर्धा तास घालवतात, आणि एलईडी मात्र बघेल त्या बाजूने लावतात. एलईडी उलटा लावला तर तो पेटत नाही, एवढंच. या हेडरांवर दिवा उलटा लागल्याने तो जळाला असं मी तरी पाहिलेलं नाही, कारण बोर्डावर रेझिस्टर असतो. मशीन बंद करून प्लग फिरवून लावला की काम होतं.

रंगांवर फार विसंबू नका. पांढरी किंवा काळी तार बहुधा उणे असते, पण "बहुधा" हा शब्द इथे खरा आहे. प्लगच्या अंगावर एका टोकाला बारीक त्रिकोण असतो, तो साधारणपणे अधिकची बाजू दाखवतो. तोही काही स्वस्त कॅबिनेटमध्ये दोन्ही प्लगांवर सारख्याच बाजूला छापलेला असतो, तार कुठलीही असो. खात्रीची युक्ती घरातच असते: सीआर२०३२ची बटण बॅटरी. तिची चपटी, मोठी, छापील बाजू अधिक. दोन तारा दोन बाजूंना टेकवा. पेटला तर छापील बाजूची तार अधिक. लाल-हिरवे दिवे झटकन पेटतात, निळा किंवा पांढरा मात्र मंद दिसतो, म्हणून खोलीतला दिवा बंद करून बघा.

भाच्याच्या कॅबिनेटमध्ये पुढची अडचण हीच होती. मशीन आता बटणाने सुरू होत होतं, पण पॉवर एलईडीचं प्लग हेडरवर जाईना. त्या प्लगला तीन घरं होती आणि तारा दोनच, पहिल्या आणि तिसऱ्या घरात. मधलं घर रिकामं. जुन्या मांडणीत दिव्याच्या दोन पिनांमध्ये एक जागा सोडलेली असे, त्याचा हा अवशेष. आपल्या हेडरवर मात्र अधिक आणि उणे शेजारी-शेजारी आहेत. पोराने तारा कापून पिळून जोडायची तयारी केली होती. मी थांबवलं.

प्लगच्या बाजूने बघितलं तर प्रत्येक घरावर प्लास्टिकची एक जीभ दिसते. सुईच्या टोकाने ती जीभ नखभर उचलायची आणि त्याच वेळी तार मागे ओढायची. तार तिच्या टोकाच्या धातूच्या घरासकट अलगद बाहेर येते. जीभ तुटेपर्यंत उचलायची नाही, नाहीतर पुढच्या वेळी तार पकडून ठेवणार नाही. मग तिसऱ्या घरातली तार मधल्या घरात सरकवायची. टिक असा आवाज आला की बसली. तरीही तीन घरांचं प्लग दोन पिनांवर बसवताना रिकामं घर शेजारच्या पॉवर बटणाच्या जागेवर येतं आणि दोन्ही प्लगं एकत्र मावत नाहीत. म्हणून आम्ही दोन्ही तारा तीन घरांच्या प्लगमधून काढून एका जुन्या दोन घरांच्या प्लगमध्ये घातल्या. असं प्लग नसेल तर काढलेल्या दोन्ही टोकांना उष्णतेने आकसणारी आखूड नळी चढवून सुटी सुटीच लावा. उघडं धातूचं टोक मात्र शेजारच्या पिनेजवळ ठेवू नका.

दिवे पेटले की नजर टाका. पॉवरचा दिवा लुकलुकतोय आणि हार्ड डिस्कचा एकसारखा जळतोय, तर दोन्ही प्लगं वर-खाली झाली आहेत, बदला. हार्ड डिस्कचा दिवा कधीच लुकलुकत नाही आणि मशीनमध्ये फक्त एम.२ स्लॉटमधली एनव्हीएमई डिस्क आहे, तर तार उपटायच्या आधी थांबा. काही बोर्ड या डिस्कचा हालहवाल दिव्याला देतच नाहीत.

पाचवी चूक: ऑडिओची दोन्ही डोकी लावायचा प्रयत्न करणं

पुढच्या हेडफोन जॅकपासून एक जाड, गुंडाळलेली केबल येते. जुन्या कॅबिनेटमध्ये तिच्या टोकाला दोन प्लगं असतात, एकावर एचडी ऑडिओ आणि दुसऱ्यावर एसी९७. दोन वेगवेगळ्या काळांतल्या पद्धती एकाच तारेवर. आजच्या, आणि आपल्या एच६१ सारख्या, बोर्डावर फक्त एचडी ऑडिओचं डोकं लावायचं. दुसरं मोकळं लटकू द्या, बाकी काही नाही. एसी९७चं डोकंही बसतं, कारण दोघांनाही आठवीच पिन नसते, आणि इथेच फसगत होते. आवाज येतो, पण हेडफोन लावल्यावर मागचे स्पीकर बंद होत नाहीत, किंवा विंडोजला हेडफोन लागल्याचं कळतच नाही.

कारण समजलं की लक्षणं लगेच ओळखता येतात. एचडी ऑडिओच्या हेडरवर पहिली आणि तिसरी पिन माइकची, दुसरी जमीन, पाचवी हेडफोनचा उजवा आणि नववी डावा. चौथी पिन बोर्डाला सांगते की पुढे पॅनेल लागलेलं आहे. सहावी, सातवी आणि दहावी जॅकमध्ये पिन खुपसली का याची बातमी देतात. एसी९७मध्ये मात्र सहावी आणि दहावी आवाज परत मागच्या स्पीकरांकडे वळवण्यासाठी असतात. त्यामुळे बातमीच्या पिना जिथे अपेक्षित, तिथे आवाजाच्या तारा येतात, आणि बोर्ड गोंधळतो. उलट, २००४ आधीच्या, फक्त एसी९७ असलेल्या बोर्डावर एचडीचं डोकं लावू नका: तिथे चौथ्या पिनेवर ५ व्होल्टचा पुरवठा असतो आणि एचडी पॅनेल तीच पिन जमिनीला जोडतं.

काही जुन्या कॅबिनेटमध्ये एक अखंड प्लग नसून सुट्या सात तारा येतात, माइक, माइक बायस, उजवा, डावा, जमीन, आणि परत येणाऱ्या दोन. त्या एचडी हेडरवर लावायच्या असतील तर माइक पहिलीवर, माइक बायस तिसरीवर, जमीन दुसरीवर, उजवा पाचवीवर, डावा नववीवर. परत येणाऱ्या दोन तारा कुठेही लावायच्या नाहीत, टोकांना टेप गुंडाळून बाजूला बांधायच्या. बातमी देणाऱ्या पिना रिकाम्या राहिल्याने विंडोजला हेडफोन दिसणार नाही. त्यासाठी बायोसमध्ये फ्रंट पॅनेलचा प्रकार एसी९७ करा किंवा रिअलटेकच्या ऑडिओ पॅनेलमध्ये पुढच्या जॅकची ओळख बंद करण्याचा पर्याय निवडा. सगळ्या नव्या ड्रायव्हरांत तो सापडत नाही.

सुट्या तारा लावताना एक गोष्ट दोनदा बघा: तुम्ही ऑडिओच्याच हेडरवर आहात ना? अखंड प्लग यूएसबीच्या हेडरवर जात नाही, कारण त्याचं आठवं भोक बुजवलेलं असतं आणि यूएसबीला आठवी पिन असते. सुट्या तारांना असा काही अडसर नाही. यूएसबीच्या पहिल्या दोन पिनांवर ५ व्होल्ट असतात, आणि तिथे माइकची आणि जमिनीची तार लावली तर शॉर्ट होऊ शकतो. प्लग जोर लावूनही बसत नसेल तर ते तुम्हाला काहीतरी सांगतंय, दाबू नका. दाबल्याने वाकलेली एक पिन दिसत नाही, आणि मग फक्त एका कानात आवाज येतो. तशी तक्रार आली की पाचवी आणि नववी पिन बॅटरीच्या उजेडात तपासा, बारीक चिमट्याने सरळ होते.

भाच्याची शेवटची तक्रार अशी की मोबाइलच्या हेडफोनमधून आवाज येतो, पण माइक चालत नाही. तारा बरोबर होत्या. त्याच्या हेडफोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा होत्या, म्हणजे आवाज आणि माइक एकाच पिनेत. कॅबिनेटवर मात्र माइक आणि हेडफोनचे दोन वेगळे जॅक. अशा वेळी हेडर उघडत बसू नका, बाजारात दोन टोकांचा छोटा स्प्लिटर मिळतो, तो आणा.

मशीन सुरू झालं की बोर्डाचं नाव लिहून ठेवा

आता मशीन चालतंय, तर मॅन्युअलचा शोधही सोपा झाला. बोर्डावरची छपाई उडाली असली तरी बायोसमध्ये मॉडेलचं नाव बहुतेक वेळा टिकून असतं. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून हे टाका:

```
Get-CimInstance Win32_BaseBoard | Select Manufacturer, Product
```

लिनक्स असेल तर:

```
sudo dmidecode -t baseboard
```

कंपनी आणि मॉडेल मिळालं की त्या कंपनीच्या वेबसाइटवरून मॅन्युअलची पीडीएफ उतरवता येते. फ्रंट पॅनेलचं पान काढून आपण लावलेल्या तारा एकदा ताडून बघा. स्वस्त, बिनानावाच्या बोर्डांवर मात्र इथे काही वेळा "To be filled by O.E.M." एवढंच येतं. भाच्याच्या बोर्डावर तेच आलं. मग मी त्याला कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर आतून मार्करने दोन ओळी काढायला लावल्या: पॉवर एलईडी, पॉवर, रिकामी, हार्ड डिस्क, रिसेट, नववी मोकळी. बोर्डाचं नाव अजून कुणालाच माहीत नाही, पण पुढच्या वेळी पत्रा उघडला की नकाशा समोर असेल.